पाच शेअर, धंदा एकच

प्रश्न: मी ३६ वर्षांचा आहे. नंदेसरीच्या एका लिस्टेड केमिकल कंपनीत इंजिनीअर. बाबांकडून आलेले आणि मी घेतलेले मिळून सहा लाखांचे शेअर आहेत: माझ्याच कंपनीचे २ लाख १० हजार, बडोद्याच्याच दुसऱ्या एका केमिकल कंपनीचे दीड लाख, खताच्या कंपनीचे ९० हजार, एका बँकेचे एक लाख आणि आयपीओत लागलेले ५० हजार. आता महिन्याला १५ हजार बाजूला काढू शकतो. मामा म्हणतात, जी कंपनी रोज डोळ्यांसमोर दिसते तिचेच शेअर घ्यावेत. बायको म्हणते इंडेक्स फंड. पाच वेगवेगळे शेअर म्हणजे विभागणी झालीच ना?

उत्तर: नाही, झाली नाही. तुमची कंपनी, दुसरी केमिकल कंपनी आणि खताची कंपनी या तिघींची बेरीज साडेचार लाख येते. सहातले साडेचार म्हणजे ७५ टक्के.

माझ्याकडे कुणी शेअरची यादी घेऊन आलं की मी नावं मोजत नाही. प्रत्येक शेअरसमोर त्यांनाच लिहायला सांगतो, की कोणती बातमी आली तर हा शेअर आपटेल. तुमच्या यादीत पहिल्या नावासमोर काय येईल ते तुम्ही माझ्याहून चांगलं लिहाल: चीनमधून स्वस्त माल आला, गॅस किंवा वीज महागली, सांडपाण्यावरून प्रदूषण मंडळाची नोटीस आली. दुसऱ्या नावासमोरही हेच येईल. तिसरी कंपनी खताची म्हणून वेगळी वाटते, पण गॅस तिचा कच्चा माल आहे, आणि आपल्याकडच्या खत कंपन्या खताच्या जोडीला औद्योगिक रसायनंही करतात. थोडक्यात, तिन्ही शेअर एकाच दिवशी, एकाच कारणानं पडू शकतात. २०२२ नंतर चीनचा माल स्वस्तात उतरायला लागला तेव्हा देशभरातल्या केमिकल कंपन्यांचे नफे एकदमच आकसले होते. तुम्ही आतूनच पाहिलं असेल.

आणि यादीत नसलेली एक गोष्ट मी नेहमी यादीत धरतो, ती म्हणजे पगार. तुमचा पगार, बोनस, पुढची नोकरी जिथे मिळेल ते सगळे कारखाने, सगळं या एकाच धंद्यावर चालतं. घर गोरव्याला किंवा छाणीला असेल तर त्याच्या किमतीलाही थोडाफार तोच वारा लागतो. मंदी आली, कंपनीनं माणसं कमी केली, तर शेअर विकून घर चालवायची पाळी नेमकी त्याच महिन्यात येईल ज्या महिन्यात ते शेअर निम्म्यावर आलेले असतील. म्हणून स्वतःच्या मालकाचे शेअर हा माझ्या मते सगळ्यांत महाग शेअर, त्याचा भाव काहीही असो.

आता मामांचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, कारण बडोद्यात त्याला आधार आहे. आयपीसीएलमध्ये नोकरी केलेल्या कितीतरी मराठी घरांत तिचे शेअर होते. २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली, पाच शेअरना रिलायन्सचा एक मिळाला, आणि ज्यांनी तो नुसता पडू दिला त्यांचं भलं झालं. या गोष्टी दांडिया बाजारात आजही सांगितल्या जातात. पण ज्यांनी त्याच काळात इथल्याच दुसऱ्या एखाद्या कंपनीचे शेअर घेतले आणि ज्यांची सर्टिफिकेटं आज कपाटात रद्दीच्या भावाची पडून आहेत, ते मामा गोष्टी सांगत नाहीत. सयाजीगंजात आपला स्वतःचा वडोदरा स्टॉक एक्स्चेंज होता, तोही २०१५ मध्ये अधिकृतपणे आटोपला. तिथे एकेकाळी सौदे झालेली कितीतरी नावं आज कुणाला आठवत नाहीत.

शिवाय कंपनी ओळखीची असणं आणि तिचा शेअर फायद्याचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिअ‍ॅक्टर नवा बसतोय हे तुम्हाला दिसतं. पण तो बसणार हे भावात आधीच धरलेलं आहे का, हे गेटवरून दिसत नाही. आणि जे खरोखर इतर कुणाला माहीत नाही ते वापरून सौदा करणं सेबीच्या नियमानं गुन्हा आहे.

तरीही खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो गणिताचा आहे. लोक समजतात की शेअरबाजार सरासरी अकरा-बारा टक्के देतो म्हणजे बहुतेक शेअर तेवढं देतात. तसं नसतं. शेअर खाली जाऊन जाऊन शून्यावर जातो, पण वर जाताना दहापट, पन्नासपटही होऊ शकतो. त्यामुळे मोजके शेअर सगळ्यांची सरासरी वर ओढतात आणि बहुतेक शेअर त्या सरासरीच्या खाली राहतात.

एक उदाहरण करून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. दहा कंपन्यांत प्रत्येकी १० हजार, एकूण एक लाख. दहा वर्षांनी एक कंपनी बारापट झाली, तिचे १ लाख २० हजार. दोन चौपट झाल्या, त्यांचे मिळून ८० हजार. तीन दुप्पट झाल्या, ६० हजार. दोन जागच्या जागी राहिल्या, २० हजार. एक निम्मी झाली, ५ हजार. एक बुडाली. बेरीज २ लाख ८५ हजार. म्हणजे वर्षाला साधारण ११ टक्के. उत्तम परतावा. पण दहांपैकी सात कंपन्या या सरासरीच्या मागे आहेत.

आता समजा तुम्ही या दहांतल्या कोणत्याही तीन निवडल्या. बारापट होणारी कंपनी त्या तिघींत नसण्याची शक्यता ७० टक्के आहे. आणि ती नसेल तर उरलेल्या नऊ कंपन्यांची सरासरी काढा: १ लाख ६५ हजार भागिले नऊ, म्हणजे १० हजारांचे १८ हजार तीनशे. वर्षाला सव्वासहा टक्केही नाहीत. पीपीएफ गेली काही वर्षं ७.१ टक्के देतंय, तेही करमुक्त आणि झोप न उडवता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तीन शेअर घेणारे वाईटच निवडतात असं मी म्हणत नाही. दहांतले तीन लोक भरपूर कमावतील, सरासरीनं पाचपटीच्या वर जातील. सगळ्यांची सरासरी ११ टक्केच येईल. पण उरलेल्या सात जणांची सरासरी पीपीएफच्याही मागे राहील, आणि त्यांच्यातल्या कुणीही काही मूर्खपणा केलेला नसेल. दहाही कंपन्या घेणाऱ्याकडे मात्र बारापट होणारी असतेच, कारण त्यानं निवडच केलेली नाही. इंडेक्स फंड हेच करतो, एका ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्या घेतो. त्याचा फायदा पडझडीपासून वाचण्यात जितका आहे, त्याहून जास्त या न चुकवण्यात आहे.

हे काल्पनिक आकड्यांपुरतं नाही. अमेरिकेतल्या हेंड्रिक बेसेमबाइंडर या प्राध्यापकांनी १९२६ ते २०१६ या काळातले तिथले सुमारे २६ हजार शेअर तपासले. निम्म्याहून जास्त शेअरनी त्यांच्या आयुष्यभरात सरकारी ट्रेझरी बिलांएवढाही परतावा दिला नव्हता. बाजारानं ट्रेझरी बिलांच्या वर जी निव्वळ संपत्ती निर्माण केली, ती जवळजवळ सगळी चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर होती.

मग बुडणाऱ्या कंपनीचं इंडेक्समध्ये काय होतं? येस बँकेचं उदाहरण घेऊ, कारण ती निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीतच होती, म्हणजे इंडेक्स फंडवाल्यांकडेही होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा भाव चारशेच्या आसपास होता. समजा तेव्हा कुणी एक लाखाचे २५० शेअर घेतले. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्या प्रमुखांची मुदत कमी केली आणि शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त पडला. इथे माणसाचा स्वभाव सुरू होतो. चारशेला जी चांगली वाटली ती दोनशेला स्वस्त वाटते, ऐंशीला तर फुकट. लोक सरासरी भाव खाली आणायला म्हणून घेत गेले. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना ५० हजारांच्या वर काढता येईना, आणि दुसऱ्या दिवशी शेअरनं सहा रुपयांच्याही खालचा तळ पाहिला. मग स्टेट बँक आणि इतरांनी दहा रुपयांनी भांडवल घातलं. त्या योजनेत एक अट होती जी छोट्या गुंतवणूकदारांना फार उशिरा कळली: ज्यांच्याकडे १०० हून जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नव्हते. आपल्या २५० शेअरवाल्याचे जवळजवळ १८७ शेअर २०२३ पर्यंत अडकले. त्या काळात भाव बहुतेक वेळ दहा ते तीस रुपयांतच फिरला. वीस धरला तर लाखाचे पाच हजार.

इंडेक्स फंडवाल्याचं काय झालं? समजा त्याच्या लाखातले दोन टक्के, म्हणजे दोन हजार, या बँकेत होते. ते शंभर रुपयांवर आले. नुकसान १,९००. मार्च २०२० मध्ये बँक निफ्टीतून काढली गेली, तिच्या जागी दुसरी कंपनी आली. अडकलेल्या शेअरचा नियम फंडांनाही लागू होता, तेव्हा तेही पूर्ण सुटले नाहीत, पण तोवर रक्कमच नगण्य उरली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये निफ्टी साडेअकरा हजारांच्या आसपास होता, २०२० च्या शेवटी १३,९०० च्या पुढे.

यातली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. निफ्टीत कंपनीचं वजन तिच्या बाजारमूल्यावर ठरतं, तेही प्रवर्तकांचे शेअर वगळून. भाव पडला की वजन आपोआप घटतं. त्यामुळे एसआयपी करणाऱ्याच्या नव्या हप्त्यातला पडणाऱ्या कंपनीकडे जाणारा वाटा दर महिन्याला लहान होत जातो. स्वतः शेअर धरून बसलेला माणूस नेमकं उलट करतो, पडेल तसा जास्त पैसा तिथेच ओततो. इंडेक्सला कंपनीची माया नसते. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी, यादी बदलते, लहान झालेली कंपनी जाते, मोठी झालेली येते.

आता याच्या मर्यादा. निफ्टी ५० म्हणजे पन्नास सारखे तुकडे नव्हेत. पहिल्या दहा कंपन्यांचं वजन निम्म्याच्या वर जातं आणि बँका-वित्तकंपन्या मिळून एक तृतीयांशाच्या आसपास असतात. तुमच्या बाबतीत हे उलट सोयीचं आहे, कारण तुमच्याकडे केमिकल भरपूर आणि निफ्टीत ते जेमतेम. आणि विभागणी एका कंपनीच्या संकटातून वाचवते, सगळा बाजार पडतो तेव्हा नाही. २००८ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबर निफ्टी जवळजवळ ६० टक्के पडला होता. २०२० मध्ये दोन-सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के. असं पुन्हा होईल. म्हणून पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा, मुलाची फी असो की घराचं डाउन पेमेंट, इंडेक्स फंडातही नको.

तुमचं आता काय करायचं ते सांगतो.

पहिल्यांदा स्वतःच्या कंपनीचे शेअर विका. त्याआधी कंपनी सेक्रेटरीला विचारा की तुमचं नाव आतल्या माहितीच्या यादीत आहे का. असेल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत सौद्याची खिडकी बंद असते, आणि इतर वेळीही मोठ्या विक्रीला आधी परवानगी लागते. हे न विचारता विकू नका.

कराची भीती बहुतेकांना नको तेवढी असते. वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. समजा २ लाख १० हजारांच्या या शेअरची खरेदी ९० हजारांची आहे. नफा १ लाख २० हजार, सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. दुसऱ्या केमिकल कंपनीचे शेअर मग १ एप्रिलनंतर विका, नव्या वर्षाची सव्वा लाखाची सूट नव्यानं मिळते. बाबांकडून वारशानं आलेल्या शेअरना बाबांचीच खरेदी किंमत आणि बाबांचीच तारीख लागते. ते ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे असतील तर खरेदी म्हणून त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव धरता येतो (विक्रीच्या भावाहून जास्त नाही), त्यामुळे जुन्या शेअरचा करपात्र नफा पुष्कळदा वाटतो त्याहून बराच कमी निघतो. एखाद्यात तोटा असेल तर तोही याच नफ्यातून वजा होतो, फक्त उरलेला तोटा पुढच्या वर्षांत न्यायचा असेल तर रिटर्न वेळेवर भरा.

विकून आलेला पैसा इंडेक्स फंडात थेट टाका. हप्ते पाडायची गरज नाही. लोक इथे फार घोळ घालतात: बाजार वर आहे, थांबू का? पण हा पैसा कालपर्यंतही शेअरबाजारातच होता. तुम्ही धोका नव्यानं घेत नाही, पसरवताय. महिन्याच्या १५ हजारांची एसआयपीही त्याच फंडात.

फंड कोणता? निफ्टी ५० किंवा निफ्टी ५०० चा, मध्यस्थाशिवाय थेट घ्यायचा डायरेक्ट प्लॅन, आणि लाभांश फंडातच राहतो तो ग्रोथ पर्याय. दोन आकडे बघा. एक खर्चाचं प्रमाण, निफ्टी ५० च्या डायरेक्ट प्लॅनला ते पाव टक्क्याच्या आत-बाहेर असतं. दुसरा ट्रॅकिंग डिफरन्स, म्हणजे लाभांश धरून निफ्टीनं जे दिलं त्यापेक्षा फंडानं किती कमी दिलं. हा फरक खर्चाच्या प्रमाणाहून फारसा मोठा नसावा. असेल तर फंड नीट चालवला जात नाही. तीन कंपन्यांचे तीन निफ्टी ५० फंड घेऊ नका, तो एकच माल आहे. निफ्टी आणि सेन्सेक्स दोन्ही घेणंही जवळजवळ तसंच. आणि नावात इंडेक्स आहे म्हणून उत्पादन क्षेत्राचा किंवा एखाद्याच क्षेत्राचा इंडेक्स फंड घेतलात तर फिरून नंदेसरीतच याल.

बँकेचा शेअर आणि आयपीओचा शेअर मिळून दीड लाख आहेत. शेअर निवडण्याची हौस असेल, आणि ती असण्यात काही गैर नाही, तर एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे आज ६० हजार, त्यासाठी ठेवा. बाकीचं फंडात. खताच्या कंपनीत बाबांची आठवण म्हणून थोडे ठेवायचे असतील तर तेही या साठात बसवा. एक नियम मात्र पाळा: पडलेल्या शेअरमध्ये नवा पैसा नाही.

आणि मामांशी वाद घालण्याऐवजी हिशेब मांडा. एका वहीत, किंवा एक्सेलमध्ये, शेअर घेतल्याची तारीख आणि रक्कम लिहा. शेजारी त्याच तारखेची एखाद्या जुन्या निफ्टी ५० फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लिहा; ती म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅम्फीच्या, संकेतस्थळावर जुन्या तारखांचीही मिळते. रक्कम भागिले एनएव्ही, म्हणजे तेव्हा किती युनिट आले असते ते निघेल. सगळे युनिट एकत्र करून आजच्या एनएव्हीनं गुणा. दुसऱ्या बाजूला शेअरची आजची किंमत आणि आजवर मिळालेला लाभांश. लाभांश विसरू नका, नाहीतर शेअरवर अन्याय होईल, कारण फंडाच्या ग्रोथ एनएव्हीत तो आधीच आहे. मध्येच विकलेले आणि बुडालेले शेअरही या वहीत आलेच पाहिजेत. जे लोक ‘मी बाजाराला हरवतो’ म्हणतात त्यांच्या वहीत नेमकी हीच पानं नसतात.

मामांची वही अशी पूर्ण असेल आणि दहा वर्षांत ती फंडाच्या पुढे निघाली, तर त्यांच्याकडून शिका, आणि तुमचे साठ हजार त्यांच्या सल्ल्यानं लावा. बाकीचे पाच लाख चाळीस हजार मात्र नाहीत.